लांब स्क्रिप्टचे एपिसोड पाडले, पण पुढचा एपिसोड कोणी लावत नाही: कुठे बघायचं, आधी काय करायचं

इंदूरमध्ये मराठी नाटकं करणारी मंडळी बरीच आहेत. त्यातले काही जण आता कॅमेऱ्याकडे वळले आहेत. माझ्याकडे येणाऱ्या स्क्रिप्ट बहुतेक एकाच प्रकारच्या असतात. सिनेमा म्हणून लिहिलेली शंभर-सव्वाशे पानं, सिनेमाला लागणारा पैसा उभा राहिला नाही, म्हणून तिचीच वेब सिरीज करायचं ठरलेलं. पानांना सहाने भागलेलं असतं आणि प्रत्येक भागावर एपिसोडचा नंबर टाकलेला असतो. दुखणं दर वेळी तेच असल्यामुळे आता तपासण्याचा क्रमही ठरून गेला आहे. तोच इथे मांडते. उदाहरण एकच घेते, अलीकडेच हाताखालून गेलेलं. लिहिणाऱ्याने परवानगी दिली आहे, पात्रांची नावं मात्र मी बदलली आहेत.

लक्षणं

पहिला एपिसोड वाचून लोक म्हणतात, ‘छान आहे, माणसं खरी वाटतात’. दुसरा मात्र कोणी मागत नाही. हे सर्वांत पहिलं लक्षण, आणि कौतुकाखाली ते हमखास झाकलं जातं.

दुसरं लक्षण एपिसोडच्या शेवटच्या सीनमध्ये दिसतं. रात्र झालेली असते, कोणीतरी गॅलरीत एकटं उभं असतं, दिवा मालवला जातो. सिनेमात अशी जागा श्वास घ्यायला छान असते. सिरीजमध्ये तिथे बघणाऱ्याच्या हातात मोबाईल असतो आणि तो बाजूला ठेवायला तुम्हीच त्याला मोकळा वेळ देता.

तिसरं लक्षण याच्या उलट. प्रत्येक एपिसोड दाराची बेल, अनोळखी फोन किंवा किंकाळीवर संपतो आणि पुढच्या एपिसोडच्या पहिल्याच मिनिटात कळतं की दारात दूधवाला होता. दुसऱ्यांदा असं झालं की बघणारा तुमच्यावर विश्वास ठेवणं सोडतो.

आणि चौथं, तिसरा-चौथा एपिसोड जड होतो. घडतं खूप, पण काहीच पुढे सरकत नाही.

चारही लक्षणांमागे कारण एकच असतं. आपल्याकडच्या सिनेमाच्या स्क्रिप्टला एक मध्यंतर असतं आणि लिहिणारा सगळी ताकद त्या एका जागेसाठी जमवतो. तीन अंकी नाटकाला दोन पडदे मिळायचे. सहा एपिसोडच्या सिरीजला असे पाच पडदे लागतात. ते मूळ स्क्रिप्टमध्ये नसतातच, त्यामुळे पानं मोजून सापडत नाहीत.

पहिली तपासणी: फक्त शेवटचं अर्धं पान वाचा

याला पाच मिनिटं लागतात आणि खर्च शून्य. प्रत्येक एपिसोडचं फक्त शेवटचं अर्धं पान वाचा आणि खाली एक ओळ लिहा: या क्षणी बघणाऱ्याला नेमकं काय जाणून घ्यायचं आहे? ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह हवं आणि ओळीत कोणाचं तरी नाव हवं. ‘पुढे काय होईल?’ हा प्रश्न चालणार नाही, कारण तो कुठल्याही पानाखाली लिहिता येतो.

उदाहरणातली गोष्ट अशी. इंदूरच्या रामबागेतलं जुनं घर. अण्णा गेले, तेराव्यासाठी मुलगी मीरा पुण्याहून आली आहे. घरात आई आणि मोठा भाऊ, दादा. बावीस वर्षांपूर्वी आईच्या चार तोळ्यांच्या पाटल्या चोरीला गेल्या, आळ अण्णांच्या धाकट्या भावावर, सदूकाकांवर आला आणि त्यांना घराबाहेर काढलं गेलं. अण्णांच्या कपाटात मीराला सराफ्यातल्या एका पेढीची गहाणाची चिठ्ठी सापडते. वरचा भाग फाटलेला, त्यामुळे नाव नाही. तारीख, वजन आणि नंबर आहे. म्हणजे पाटल्या चोरीला गेल्याच नव्हत्या, त्या कोणीतरी गहाण टाकल्या होत्या.

स्क्रिप्ट ११२ पानांची. सहाने भागल्यावर पहिला एपिसोड १९व्या पानावर संपत होता: तेरावा आटोपला, पाहुणे पांगले, मीरा ओसरीवर बसून आहे. चिठ्ठी सापडते २३व्या पानावर. गोष्ट सुरू व्हायच्या आधीच पहिला एपिसोड संपला होता. त्या अर्ध्या पानाखाली लिहिणाऱ्याला प्रश्न सुचेना. दहा मिनिटांनी त्याने लिहिलं, ‘मीरा दुःखातून सावरेल का?’ हे बघणाऱ्याला जाणून घ्यायचं आहे का, असं मी विचारलं. त्याने स्वतःच ती ओळ खोडली.

ही तपासणी पहिली करायची, कारण बिघाड एका टोकाला आहे की सगळीकडे, हे इथेच कळतं. सहापैकी एक-दोन ओळीच रिकाम्या राहिल्या तर पुढची तपासणी पुरेशी आहे. चार रिकाम्या असतील तर थेट पाचव्या तपासणीकडे, प्रश्नवहीकडे जा.

दुसरी: कट थोडा मागे घ्या

पुष्कळदा योग्य जागा स्क्रिप्टमध्ये असते, पण कट तिच्या पुढे गेलेला असतो. नाटकवाल्यांकडून हे जास्त होतं. पडदा पडण्याआधी नटाला प्रतिक्रिया द्यायला वेळ द्यायची सवय हाडात मुरलेली असते.

चिठ्ठी आधीच्या पानांवर आणल्यावर पहिल्या एपिसोडचा शेवट असा लिहून आला: मीरा चिठ्ठी आईसमोर धरते. आई तांदूळ निवडते आहे. ती वर बघत नाही, चष्मा घालत नाही, चिठ्ठी हातातही घेत नाही. म्हणते, “होती तिथे ठेव.” मग मीरा थक्क होते, खोलीत जाते, पुन्हा चिठ्ठी बघते, खिडकीबाहेर पाऊस. हे सगळं मिळून पाऊण पान.

आम्ही “होती तिथे ठेव” वर कट केला आणि पाऊण पान काढून टाकलं. आईने न बघता हे म्हटलं, म्हणजे चिठ्ठी काय आहे ते तिला माहीत आहे. हे बघणाऱ्याच्या डोक्यात मीराच्या आधी लख्ख व्हायला हवं. मीराचा थक्क चेहरा दाखवला की ते काम आपण त्याच्या हातून काढून घेतो. प्रश्न आता स्वच्छ आहे: आईला ठाऊक होतं, तर सदूकाकांना जाऊ का दिलं?

पाच-सहा ओळी मागे जाऊन बघा. तिथे नसेल तर दोन सीन मागे जा. त्याहून मागे जावं लागत असेल तर दुखणं कटचं नाही.

तिसरी: मोठ्याने वाचून वेळ लावा, मग सारखे तुकडे पाडायचा हट्ट सोडा

एक पान म्हणजे एक मिनिट, हा हिशेब ठरावीक मांडणीत, ठरावीक टाइपात लिहिलेल्या इंग्रजी स्क्रिप्टवरून आला आहे. देवनागरीत फॉन्ट बदलला, समास बदलला की तो बिघडतो. म्हणून दोघांनी बसून संवाद मोठ्याने वाचावेत, क्रियेच्या जागी मनात ती क्रिया करावी आणि मोबाईलवर वेळ लावावी. ही ११२ पानं १०४ मिनिटांत वाचून झाली. तेराव्याची गर्दी चार पानांत सात मिनिटं खात होती, तर दादा-मीराच्या भांडणाची सहा पानं चार मिनिटांत संपत होती.

वेळ हातात आली की एक भीती जाते. टीव्हीवरच्या मालिकेला ठरलेल्या वेळेत बसावं लागतं. स्वतःच्या चॅनेलवर टाकलेल्या सिरीजला ते बंधन नाही. एक एपिसोड १६ मिनिटांचा आणि दुसरा २२ मिनिटांचा असला तर कोणाचं काही बिघडत नाही. चांगला पडदा चौदाव्या मिनिटाला येत असताना केवळ अठरा मिनिटं भरायची म्हणून तो ओलांडून जाणं, ही चूक मी सर्वांत जास्त वेळा दुरुस्त केली आहे.

एक तांत्रिक गोष्ट इथेच सांगते. यूट्यूबवर पुढच्या व्हिडिओची चौकट शेवटच्या ५ ते २० सेकंदांत दाखवता येते आणि ती चित्रावरच बसते. शेवटचं वाक्य त्या सेकंदांत आलं तर आईच्या चेहऱ्यावर पुढच्या एपिसोडचा फोटो येतो. वाक्य संपू द्या, मग श्रेयनामावलीसाठी वेगळी जागा सोडा आणि चौकट तिथे ठेवा.

चौथी: अडवून ठेवलेलं उत्तर शोधा

यावर थोडं सविस्तर बोलते, कारण बहुतेक लिहिणारे पुढचा एपिसोड बघायला लावणं म्हणजे उत्तर लपवणं असं धरून चालतात.

मीरा चिठ्ठी घेऊन सराफ्यात जाते. संध्याकाळ उतरलेली, पेढ्या बंद होऊ लागल्या आहेत, त्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागायला सुरुवात झाली आहे. म्हातारा पेढीवाला जुनी वही काढतो, बोट फिरवतो, थांबतो. मूळ स्क्रिप्टमध्ये तो म्हणायचा, “अरे, ये तो...” आणि एपिसोड संपायचा. पुढच्याची पहिली ओळ: “...आपके भाई का नाम है.”

हे अडवून ठेवलेलं उत्तर. माहिती तयार होती, फक्त तोंडावर हात ठेवला होता. ओळखायची खूण सोपी आहे: पुढच्या एपिसोडची पहिली तीस सेकंदं या एपिसोडच्या शेवटाला जोडून वाचा. प्रश्न तिथेच पुरता विझला तर तो प्रश्न खरा नव्हता.

उपाय असा की उत्तर देऊन टाकायचं आणि त्या उत्तराच्या पोटातून आधीपेक्षा मोठा प्रश्न निघेल असं बघायचं. आता तो सीन असा आहे: पेढीवाला नाव वाचतो, दादाचं. मीराला वाटतं, झालं, कळलं. ती उठते. पेढीवाला वही मिटता मिटता म्हणतो, “छुड़ा भी ली थीं, दो महीने बाद.” आणि सोडवून नेणाऱ्याच्या सहीवर बोट ठेवतो. सही सदूकाकांची आहे.

कट इथे. ज्याला चोर म्हणून घराबाहेर काढलं, त्यानेच पाटल्या सोडवल्या. का, आणि मग त्या गेल्या कुठे? पुढच्या एपिसोडच्या पहिल्या तीस सेकंदांत हे विझवताच येत नाही. बघणाऱ्याला एक उत्तर मिळालेलं असतं, म्हणून त्याला फसवल्यासारखं वाटत नाही.

याची चाचणीही स्वस्त आहे. गोष्ट माहीत नसलेल्या दोघांना एपिसोड वेगवेगळे वाचायला द्या. ‘कसं वाटलं’ विचारू नका, ‘पुढे काय असेल’ असं विचारा. दोघांनी एकच अंदाज केला आणि तो बरोबर निघाला, तर शेवट कच्चा आहे. दोघांनी दोन वेगळे अंदाज केले आणि दोघंही आपापल्या अंदाजासाठी वाद घालायला तयार असले, तर त्या जागेला हात लावू नका. खांदे उडवून ‘काहीही होऊ शकतं’ म्हणाले, तर प्रश्नच उघडलेला नाही. पुन्हा पहिल्या तपासणीकडे जा.

पाचवी: प्रश्नवही

इथपर्यंत एका दिवसाचं काम होतं. हे तीन-चार दिवस घेतं, पण मधला भाग का जड होतो ते फक्त इथेच दिसतं.

साधी वही घ्या. प्रत्येक सीनला एक ओळ आणि ओळीत दोन रकाने: या सीनमध्ये कोणता प्रश्न उघडला, कोणता मिटला. सीनमध्ये काय घडलं ते लिहायचं नाही. या स्क्रिप्टमध्ये ६१ सीन होते. वही भरल्यावर एपिसोडच्या जुन्या रेघा पेन्सिलने मारल्या आणि प्रत्येक रेघेवर किती प्रश्न उघडे आहेत ते मोजलं.

चौथ्या एपिसोडच्या शेवटी एकही नवा उघडा प्रश्न नव्हता. मीरा सदूकाकांचा पत्ता शोधत होती, जुन्या ओळखीच्यांकडे जात होती आणि एपिसोड संपता संपता पत्ता सापडत होता, देवासचा. प्रश्न त्याच एपिसोडात उघडला आणि त्याच एपिसोडात मिटला. त्या नऊ पानांत कोणाबद्दलही आपलं मत बदलत नव्हतं. लिहिणाऱ्याचा त्या पानांवर फार जीव होता. जुन्या वाड्यांची, गिरणीच्या काळची माणसं त्यात सुंदर उतरली होती. पण सिनेमात ती उत्तरार्धाकडे नेणारी वाट होती आणि सिरीजमध्ये तिने अर्धा एपिसोड खाल्ला होता. ती नऊ पानं काढली. पत्ता आता पेढीवाल्याच्या वहीतच मिळतो.

त्यामुळे तिसऱ्या एपिसोडला दादाचं भांडण पूर्ण मिळालं. दादा कबूल करतो की पाटल्या त्याने गहाण टाकल्या. इथेही उत्तर दिलं आहे. आणि मग त्याचं वाक्य: “अण्णांना मी त्याच रात्री सांगितलं होतं.” म्हणजे सत्य ठाऊक असूनही अण्णांनी भावाला घालवलं. चौथा एपिसोड देवासला सदूकाकांच्या घरी संपतो. काका मीराला चहा देतात, पाटल्यांचं विचारल्यावर हसतात आणि म्हणतात, “माझ्याकडे कशाला येतेस? त्या तुझ्या आईकडेच आहेत.” पहिल्या एपिसोडमधली तांदूळ निवडणारी आई इथे परत डोळ्यांसमोर येते. ती इतकी वर्षं का गप्प राहिली, हे पाचव्या एपिसोडचं काम.

रेघेवर एक मोठा प्रश्न आणि एखादा लहान प्रश्न उघडा असला की पुरतं. चार-पाच उघडे राहिले तर बघणारा विसरतो, आणि मग पुढच्या एपिसोडमध्ये पात्रं एकमेकांना आठवण करून देणारी वाक्यं बोलू लागतात: ‘तुला माहीतच आहे, काकांना आपण बावीस वर्षांपूर्वी...’ असं वाक्य दिसलं की आधीच्या रेघेवर गर्दी झाली आहे असं समजा.

सहावी: सीन हलवले असतील तर कोणाला काय केव्हा कळतं ते तपासा

एक सीन पुढे-मागे झाला की मागच्या-पुढच्या दहा सीनमध्ये चुका होतात. चिठ्ठी २३व्या पानावरून ११व्यावर आली. १७व्या पानावर मीरा मावसबहिणीला म्हणत होती, “चोराला तेराव्याला कोण बोलावणार?” चिठ्ठी बघितल्यानंतर ती हे म्हणू शकत नाही. वाक्य उचलून ९व्या पानावर नेलं. तिथे त्याची धार वाढली, कारण दोनच पानांनी तिला ते गिळावं लागतं.

यासाठी प्रत्येक पात्राचं एक कार्ड करा आणि त्यावर त्याला कोणती गोष्ट कुठल्या सीनमध्ये कळते एवढंच लिहा. मग त्याचे सगळे संवाद एका बैठकीत वाचा. कंटाळवाणं आहे, पण हे टाळलं तर चूक शूटिंगच्या दिवशी सापडते, तीही नटाला. तेव्हा सगळे उभे असतात आणि कोणीतरी घाईत वाक्य बदलतं.

या स्क्रिप्टचे शेवटी सहाऐवजी पाचच एपिसोड झाले. १०४ मिनिटांची ९६ राहिली: १७, १९, १८, १६ आणि २६. शेवटचा लांब आहे, पण त्यात पुढच्यासाठी काही राखायचं नाही, आणि आईला बोलायला वेळ हवा.

इथे थांबा आणि जाणकाराला गाठा

प्रश्नवहीत मुख्य प्रश्न निम्म्या वाटेवरच मिटत असेल आणि उरलेली पानं त्याच्या परिणामांची असतील, तर तुमच्या हातात सिनेमाच आहे. पडदे घुसवून तो सिरीज होत नाही. एकदा अनुभवी पटकथा संपादकाला मूळ स्क्रिप्ट आणि वही दोन्ही द्या. तुकडे पाडलेली प्रत देऊ नका. पैसे आधी ठरवा, आणि तो फक्त टिपणं देणार की स्वतः लिहिणार, हेही आधीच ठरवा.

शूटिंग झालेलं असेल तर स्वतः कात्री घेऊ नका. नवा शेवट मिळण्यासाठी कधीकधी एकच क्लोजअप पुरतो, पण तो फुटेजमध्ये आहे की नाही हे संकलकालाच कळतं. पुन्हा शूट करायचा खर्च काढण्याआधी त्याच्याबरोबर एक दिवस बसा.

गोष्ट कोणाच्या कादंबरीवर किंवा नाटकावर बेतलेली असेल तर एपिसोड पाडण्याआधीच वकिलाला दाखवा. सिनेमासाठी मिळालेली परवानगी सिरीजला चालेलच असं नाही, करारात काय लिहिलं आहे ते बघावं लागतं. तोंडी ‘करा हो’ पुरेसं नाही. दोघांनी मिळून लिहिलं असेल तर श्रेय आणि वाटा आधी कागदावर घ्या, कारण एपिसोड वेगळे झाले की ‘हा माझा, तो तुझा’ सुरू होतं. स्वतःच्या स्क्रिप्टची नोंदणी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे करता येते. नव्याने पाडलेल्या एपिसोडची प्रतही तिथे नोंदवून ठेवा, जुनी नोंद जुन्याच मसुद्याची असते.